कोर्टाची पायरी : भाग ६ – तुरुंगाऐवजी हमीपत्र

31 जुलै 2007. मुंबईच्या विशेष टाडा न्यायालयात न्यायाधीश प्र. द. कोदे यांनी संजय दत्तला शस्त्र कायद्याखाली सहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली. त्याने मागितलेली परिविक्षा, म्हणजे प्रोबेशन, नाकारली. त्याच प्रकरणातल्या त्याच्या एका मित्राला मात्र चांगल्या वर्तनाच्या हमीपत्रावर सोडले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये दत्तची शिक्षा पाच वर्षांवर आणली, पण गुन्ह्याचे गांभीर्य पाहून परिविक्षा दिली नाही. तो येरवड्याला गेला आणि तिथून पॅरोलवर बाहेर आला, तेव्हा अनेकांना वाटले की शिक्षा माफ झाली. तसे नव्हते. पॅरोल ही कैद्याची रजा. ती न्यायाधीश नव्हे, प्रशासन देते. मुदत संपली की परत कोठडीत जावे लागते. परिविक्षेत दोषी ठरलेला माणूस तुरुंगात जातच नाही.

आता येवल्यात पाहू. समजा, पैठणीच्या कारखान्यातल्या वीस वर्षांच्या कामगाराने रेशमाच्या लडी चोरल्या आणि येवल्याच्या न्यायालयात गुन्हा शाबीत झाला. 1958 च्या अपराधी परिविक्षा अधिनियमाचे कलम 6 इथे लागते. दोषी ठरण्याच्या दिवशी वय एकवीसच्या आत असेल, तर न्यायालयाने आधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा असतो. हा अधिकारी घरी जातो, मालकाशी, शेजाऱ्यांशी बोलतो, आधीचे वर्तन आणि मिळकत पाहतो. मग न्यायाधीश मुलाला समज देऊन सोडू शकतात, किंवा जास्तीत जास्त तीन वर्षांचे हमीपत्र घेऊन. मालकाला भरपाई द्यायलाही सांगता येते. तरीही तुरुंगच द्यायचा असेल, तर कारणे लिहावी लागतात. एकविसाच्या पुढच्यांनाही कलम 4 खाली ही संधी आहे. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यात ती नाही.

हमीपत्राच्या काळात मुलाने पत्ता न कळवता गाव सोडले किंवा पुन्हा चोरी केली, तर वॉरंट निघते आणि मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावली जाऊ शकते. माझ्या मते ही धास्तीच या कायद्याची खरी ताकद आहे, पण देखरेख ठेवणारा माणूस असेल तरच. अधिकारी घरी फिरकलाच नाही, तर हमीपत्र नुसता कागद राहते.

कलम 12 मुळे दोषसिद्धीने येणारी अपात्रता परिविक्षेत लागत नाही. मात्र दोष पुसला जात नाही. सरकारी नोकराच्या गैरवर्तनावर खातेनिहाय कारवाई होऊ शकते.

घरातल्या तरुणावर अशी वेळ आलीच, तर शिक्षा सुनावण्याआधी वकिलाला परिविक्षेचा अर्ज द्यायला सांगा आणि परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवला का, हे विचारा. तो टप्पा चुकला तरी अपिलात, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत, हे मागता येते.