च कुठे बसला?

आजीनं काल मला लाडू दिला. साधं वाक्य आहे, घडलेलं सांगून मोकळं होणारं. आता त्यात एकच अक्षर घालू. ‘आजीनंच काल मला लाडू दिला’ म्हटलं, की लाडू आईनं किंवा काकूनं दिला असा कोणाचा तरी समज होता आणि तो आपण खोडून काढतो आहोत, हे कळतं. ‘आजीनं काल मलाच लाडू दिला’ म्हटलं, की शेजारी रिकाम्या हातानं बसलेली भावंडं दिसायला लागतात. ‘आजीनं काल मला लाडूच दिला’ म्हणजे वडी नाही, चिवडा नाही, नेमका लाडू. शब्दांचा क्रम जागचा हलला नाही. हलला तो फक्त च.

ही वाक्यं मोठ्यानं म्हणून पाहा. आवाजाचा जोर च वर पडत नाही, तो पडतो च च्या आधीच्या शब्दावर. ‘मलाच’ म्हणताना ‘ला’ उचलला जातो, च आखूड उमटतो आणि पुढचं वाक्य सपाट होत जातं. बोलताना हा जोर च नसतानाही देता येतो, नुसता आवाज चढवला तरी पुरतो. कागदावर मात्र आवाज नसतो. तिथे जोर कुठे आहे हे सांगायला च आणि ही हीच हाताशी असलेली साधनं आहेत, आणि म्हणूनच त्यांची जागा चुकली तर वाचणारा भलत्याच शब्दावर थांबतो.

जागा चुकली का हे ओळखायला मी एक प्रश्न विचारतो. शब्दाला च लावला असेल तर ‘कोणाऐवजी, कशाऐवजी?’ आणि ही लावला असेल तर ‘आणखी कोण, आणखी काय?’ च बाकीच्यांना बाहेर काढतो, ही त्यांना आत घेतो. ‘मलाही लाडू दिला’ म्हणजे आधी दुसऱ्या कोणाला तरी मिळाला आहे. ‘लाडूही दिला’ म्हणजे मला लाडवाआधी दुसरं काहीतरी मिळालं आहे. ‘कालही दिला’ म्हणजे परवा किंवा आजही दिला असणार. प्रश्नाचं उत्तर तुमच्या मनातल्या अर्थाशी जुळत नसेल, तर अव्यय चुकीच्या शब्दाला चिकटलं आहे.

वाक्यात ‘नाही’ आलं की च चा परिणाम आणखी टोकदार होतो. ‘मलाच लाडू दिला’ यात एकट्या मला मिळाला. ‘मलाच लाडू दिला नाही’ यात सगळ्यांना मिळाला आणि एकटा मी राहिलो. च दोन्हीकडे ‘मला’लाच चिकटलेला आहे, पण पहिल्या वाक्यात मी लाडका आणि दुसऱ्यात रुसलेला. ‘लाडू दिलाच नाही’ म्हटलं तर भावंडांचा प्रश्नच मिटतो. देण्याची क्रियाच घडली नाही एवढंच उरतं.

वेळ दाखवणाऱ्या शब्दांना लागलेला च मात्र वरच्या प्रश्नाला नेहमी दाद देत नाही. ‘कालच तर लाडू दिला!’ असं आजी नातवाला म्हणते, तेव्हा परवा दिला नव्हता असं तिला सुचवायचं नसतं. देऊन फार दिवस झाले नाहीत, एवढंच तिला म्हणायचं असतं. ‘सकाळीच निघाला’ म्हणजे इतक्या लवकर, ‘आत्ताच जेवलो’ म्हणजे अगदी थोड्या वेळापूर्वी. इथे च दुसऱ्या वेळांना बाद करण्यापेक्षा त्या वेळेचं जवळ असणं किंवा लवकर असणं ठसवतो.

च आणि ही शब्दाला कुठे चिकटतात याचा नियम पक्का आहे. आधी विभक्तीचा प्रत्यय, मग च. ‘रामानेच’ होतं, ‘रामचने’ कोणी म्हणत नाही. शिवाय ‘घोडा’ला ‘वर’ लागलं की ‘घोड्यावर’ होतं, पण च लागला तर ‘घोडाच’ राहतो, आतला शब्द वाकत नाही. म्हणून शाळेच्या व्याकरणात च, ही, देखील, सुद्धा यांना शुद्ध शब्दयोगी अव्ययं म्हणतात. शब्दयोगी म्हटल्यावर ती शब्दाला जोडून लिहायची, हे ओघानं आलंच.

हे जोडून लिहिणं ही च्या बाबतीत फारच जपावं लागतं. ‘मीही भाजी खाणार नाही’ आणि ‘मी ही भाजी खाणार नाही’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. पहिल्यात आणखी कोणीतरी भाजी नाकारली आहे आणि मी त्यांच्यात सामील झालो आहे. दुसऱ्यात मला भाजीचं वावडं नाही, फक्त समोरची, बहुधा कारल्याची, नको आहे. कारण सुटी लिहिलेली ‘ही’ म्हणजे ‘हा, ही, हे’ मधली ‘ही’, आणि ती मागच्या शब्दाला सोडून पुढच्या भाजीकडे बोट दाखवते. बोलताना आपण त्या ‘ही’च्या आधी किंचित थांबतो. लिहिताना ते थांबणं म्हणजे मोकळी सोडलेली जागा. फोनवर घाईनं टाइप करताना ‘मी ही येतो’ असं सर्रास लिहिलं जातं. तिथे पुढे नाम नसल्यानं अर्थ निभावतो. भाजी, साडी, गाडी असा स्त्रीलिंगी शब्द पुढे आला, की वाक्य उलटतं.

संख्येला लागल्यावर या दोघांचा स्वभाव सर्वांत स्पष्ट दिसतो. ‘पाचच मुलं आली’ म्हणजे अपेक्षा जास्त होती, आली कमी. ‘पाचही मुलं आली’ म्हणजे ज्या पाचांबद्दल बोलत होतो त्यांतलं एकही मागे राहिलं नाही. आकडा तोच, पण एकात उणीव आणि दुसऱ्यात भरलेपण. ‘दोन्ही’ आणि ‘तिन्ही’ मध्ये तर ही इतका मुरला आहे, की तो वेगळा आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही.

च मराठीत फार जुना आहे. ज्ञानेश्वरीत तो ‘चि’ या रूपात जागोजागी भेटतो, आणि त्याही आधी महाराष्ट्री प्राकृतात ‘च्चिअ’, ‘च्चेअ’ अशी त्याची रूपं होती. मराठीच्या शेजारानं तो दक्खिनीतही गेला. हैदराबादी बोलीतलं किंवा मुंबईच्या हिंदीतलं ‘ऐसाइच’ ऐकलं, की त्याच्या शेवटी आपलाच च बसलेला असतो.

क्रियापदाला लागलेला च सर्वांत मोकळा. ‘गेलाच’ म्हणजे नको म्हटलं तरी गेला. ‘येईलच’ म्हणजे खात्रीनं येईल. पण त्याच्यापुढे ‘तर’ आला, की खात्री उलट विरघळते. ‘पाऊस आला तर छत्री घे’ यात पावसाची शक्यता आहे. ‘पाऊस आलाच तर छत्री घे’ यात तो येईल असं बोलणाऱ्याला फारसं वाटत नाही. आणि खाली रिक्षा थांबलेली असताना घरातून कोणी ‘आलोच!’ म्हणून ओरडतं, तेव्हा क्रियापद भूतकाळातलं असतं, माणूस अजून चप्पल शोधत असतो, आणि मधलं अंतर तो एका च वर भागवतो.