समूहाचे मानसशास्त्र (भाग ६) : चौघांची नावे, दोघांचे काम, एकाचे मत

रस्त्यावर अपघात झाला आणि बघे जास्त असले, तर मदतीला धावण्याची एकेकट्याची शक्यता कशी कमी होते, हे गेल्या आठवड्यात पाहिले. त्या प्रयोगांमागचे एक मानसशास्त्रज्ञ बिब लाटाने यांनीच पुढे एक वेगळा प्रश्न हाती घेतला. संकट नाही, अनोळखी गर्दी नाही, फक्त चार माणसांना मिळून एक काम करायचे आहे. तेव्हा काय होते? इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ज्यांनी केला आहे त्यांना उत्तराचा अर्धा भाग अनुभवाने ठाऊक असतो. ब्लॅक बुकवर चार नावे असतात, रात्री जागणारे दोघे असतात. उरलेला अर्धा भाग मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ज्या गटात काही जण अंग चोरतात, त्याच गटात बरेचदा एकाच्या मताची बाकीचे री ओढतात. पहिल्याला सोशल लोफिंग म्हणतात, दुसऱ्याला ग्रुपथिंक. दोन्हींवरचे उपाय वेगवेगळे सांगितले जातात. माझे म्हणणे असे, की प्रोजेक्टच्या गटात या दोन्हींचे मूळ बऱ्याच अंशी एकच असते आणि ते ओळखले नाही, तर एकावरचा उपाय दुसऱ्याला खतपाणी घालतो.

आधी अंगचोरीकडे पाहू. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोरखंड ओढायला लावून त्यांचा जोर मोजला आणि ती मोजमापे 1913 मध्ये प्रसिद्ध केली. गट आठ जणांचा झाला, की माणशी जोर एकट्याने ओढताना लागणाऱ्या जोराच्या जवळपास निम्म्यावर येतो, असे त्याने दाखवले. यावर सरळ शंका येते, की आठ जण एकाच क्षणी झटका देत नसतील, म्हणून जोर वाया जात असेल. ती शंका रास्त आहे. लाटाने, किपलिंग विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स यांनी 1979 मध्ये तिचा निकाल लावला. त्यांनी विद्यार्थ्यांना जितके मोठ्याने ओरडता येईल तितके ओरडायला सांगितले. डोळ्यांवर पट्टी, कानांवर हेडफोन. काही वेळा त्यांना सांगितले, की तुमच्याबरोबर आणखी एक जण किंवा आणखी पाच जण ओरडत आहेत. प्रत्यक्षात ते एकटेच ओरडत होते. त्यामुळे ताळमेळ चुकण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही दोघे आहोत असे वाटताच आवाज एकट्याच्या तुलनेत 82 टक्क्यांवर आला, सहा जण आहोत असे वाटताच 74 टक्क्यांवर. म्हणजे घट ताळमेळाची नव्हती, प्रयत्नाचीच होती, आणि ती त्याच माणसांत दिसली जी एकटी असताना जीव तोडून ओरडत होती.

शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण अंगचोरीला आपण सहसा स्वभावदोष समजतो. अमका आळशी, तमकी बेजबाबदार, असे म्हणून मोकळे होतो. याच तिघांनी 1981 मध्ये पुढचा प्रयोग केला. गटात ओरडतानाही प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार आहे, असे सांगितल्यावर घट जवळपास नाहीशी झाली. उलट, एकटे ओरडतानाही आपला आवाज वेगळा ओळखू येणार नाही असे वाटले, तर माणसे तिथेही कमी पडली. गट हा स्वतः रोग नव्हे. आपला वाटा दिसेनासा होणे हा रोग आहे. त्याची लागणही होते. नॉर्बर्ट कर यांनी 1983 मध्ये दाखवले, की जोडीदाराला जमत असूनही तो काम टाळतो हे दिसले, की कष्टाळू माणूसही हात आखडता घेतो. फुकट राबणारा ठरण्यापेक्षा कमी गुण परवडले, असे त्याला वाटते. तिसऱ्या महिन्यात अख्खा गट थंडावलेला दिसतो तो बरेचदा यामुळे.

आता री ओढण्याकडे वळू. ग्रुपथिंकची कल्पना अर्व्हिंग जॅनिस यांनी 1972 मध्ये पुस्तकरूपाने मांडली. 1961 मध्ये क्यूबावरील ‘बे ऑफ पिग्ज’ मोहिमेचा निर्णय केनेडींच्या हुशार सल्लागारांनी कसा घेतला, शंका असलेलेही बैठकीत कसे गप्प बसले, हे त्यांचे प्रमुख उदाहरण. घनिष्ठ गटच असे चुकतात, या त्यांच्या दाव्याला पुढच्या प्रयोगांनी पूर्ण पाठिंबा दिलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण विद्यार्थ्यांच्या गटाला लागू पडणारा एक प्रयोग जास्त भक्कम आहे. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी 1985 मध्ये चार-चार विद्यार्थ्यांच्या गटांना तीन काल्पनिक उमेदवारांमधून विद्यार्थी संघाचा अध्यक्ष निवडायला सांगितले. एक उमेदवार खरोखर उजवा होता. चौघांनाही सगळी माहिती दिली तेव्हा 83 टक्के गटांनी त्याला निवडले. पण त्याच्या चांगल्या बाजू चौघांत वाटून दिल्या, म्हणजे प्रत्येकाकडे फक्त काहीच पोचल्या, तेव्हा हे प्रमाण चौथ्या हिश्श्याच्याही खाली घसरले. चौघांनी बोलून तुकडे जोडले असते, तर योग्य उत्तर समोर होते. चर्चा मात्र सगळ्यांना आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टींभोवतीच फिरत राहिली.

प्रोजेक्टमध्ये हे कसे घडते, ते एका कल्पित पण नेहमीच्या उदाहरणावर पाहू. चार जणांचा गट आहे. पहिल्याच बैठकीत वर्गातला पहिला आलेला मुलगा म्हणतो, ‘मातीतला ओलावा मोजून आपोआप ठिबक सुरू करणारी यंत्रणा करू.’ सेन्सर स्वस्तात मिळतो, कोड नेटवर सापडतो, मागच्या बॅचनेही असेच काही केले होते. दहा मिनिटांत विषय पक्का होतो. गटातल्या एका मुलीच्या घरी ऊस आहे. तिला माहीत आहे, की शेतीपंपाला थ्री-फेज वीज ठरावीक तासच मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून तर शेतकरी वीज आली की पंप आपोआप चालू करणारा ऑटो स्टार्टर बसवतात. माती कोरडी झाली त्या क्षणी वीज असेलच असे नाही. पण बाकी तिघांनी माना डोलावल्या आहेत, बोलणारा हुशार आहे, आणि आपण बोललो तर अडथळा आणल्यासारखे दिसेल, म्हणून ती गप्प राहते. पुढे कोड एक जण लिहितो, सर्किट दुसरा जोडतो, अहवाल उरलेल्या दोघांकडे जातो. दुसऱ्या रिव्ह्यूला गाइड विचारतात, ‘वीज नसताना ओलावा घटला तर तुमची यंत्रणा काय करते?’ उत्तर कुणाकडेच नसते. जिच्याकडे होते, तिचे प्रोजेक्टवरचे मन तोवर उडालेले असते.

या गटात अंगचोरी आणि होकार या दोन घटना नाहीत. त्या मुलीचे मत पहिल्या बैठकीत दिसले नाही, आणि जे काम तिच्या माहितीवर उभे राहिलेच नाही त्यात तिचा वाटाही नंतर दिसला नाही. आपल्यावाचून काही अडत नाही असे वाटू लागले, की प्रयत्न कमी होतात, हेही कर यांनी स्टीव्हन ब्रून यांच्याबरोबर केलेल्या प्रयोगांत दिसले आहे. म्हणूनच उपाय विचार करून निवडावे लागतात. ‘मित्रमित्रच गट करा’ म्हटले, तर जिव्हाळ्यापोटी कामचुकारपणा कमी होतो. पण सगळे एकसारखाच विचार करणारे एकत्र येतात आणि मित्राला ‘चुकतोयस’ म्हणणे जड जाते. कामाचे चार कप्पे करून दिले, तर कोणी काय केले हे कळते. पण दुसऱ्याच्या कप्प्यात कुणी डोकावत नाही. विचार आणि श्रम दोन्ही आधी एकेकट्याचे दिसले पाहिजेत आणि मग एकत्र आले पाहिजेत. हा क्रम सांभाळणे, हाच माझ्या मते खरा उपाय.

पहिली पायरी विषय ठरवण्याची. बैठकीआधी प्रत्येकाने एक पान लिहून आणावे: माझा प्रस्ताव काय, तो कुणासाठी, आणि मला ठाऊक असलेली त्यातली सर्वांत मोठी अडचण कोणती. बैठकीत एकेक प्रस्ताव फळ्यावर लिहावा, सगळे लिहून होईपर्यंत टीका नको आणि गटप्रमुखाने आपला प्रस्ताव शेवटी मांडावा. मग प्रत्येकाने चिठ्ठीवर पसंती द्यावी. एक विषय पुढे आला, की पुन्हा पाच मिनिटे एकेकट्याने लिहावे: ‘समजा एप्रिलमध्ये हा प्रोजेक्ट फसला, का फसला?’ ही पद्धत निर्णयशास्त्राचे अभ्यासक गॅरी क्लाइन यांनी रूढ केली. तिचा फायदा असा, की शंका काढणे हे गटाविरुद्ध बोलणे राहत नाही, सगळ्यांना दिलेले काम होते. उसाच्या घरची मुलगी इथे विजेचा मुद्दा लिहील, आणि पाणी देणे बाकी आहे याची नोंद ठेवून वीज येताच सुरू होणारी यंत्रणा कदाचित पहिल्या आठवड्यातच सुचेल. कुणाला तरी मुद्दाम विरोधकाची भूमिका देण्यापेक्षा हे बरे. चार्लन नेमेथ यांच्या प्रयोगांत नाटकी विरोधापेक्षा मनापासूनच्या मतभेदाने विचारांना जास्त चालना मिळाली.

दुसरी पायरी श्रमांची. तीन-चार जणांपेक्षा मोठा गट शक्यतो करू नये. प्रत्येक भागाला एक करणारा आणि एक तपासणारा असावा, आणि तपासणाऱ्याला व्हायव्हात त्या भागावर प्रश्न विचारले जातील, हे सुरुवातीलाच सांगावे. तिसरी पायरी सहकाऱ्यांच्या मूल्यमापनाची. प्रत्येकाने इतरांना गुप्तपणे गुण द्यायचे. एखाद्याला मिळालेली सरासरी भागिले गटाची सरासरी, हा त्याचा गुणक. समजा चौघांच्या सरासऱ्या 90, 85, 85 आणि 60 आल्या. गटाची सरासरी 80. गुणक होतात 1.125, 1.06, 1.06 आणि 0.75. वरची मर्यादा 1.05 ठेवली, तर प्रोजेक्टला 50 पैकी 40 मिळाले असताना पहिल्या तिघांना 42 आणि चौथ्याला 30 मिळतात. मर्यादा असल्यामुळे एकट्याने सगळे काम ओढून घेण्याचा लोभ उरत नाही.

आक्षेप ठरलेला आहे: मुले आपसात ठरवून सगळ्यांना सारखेच गुण देतील. देतीलही, तेव्हा सगळ्यांचा गुणक 1 येतो आणि हा उपाय निकामी ठरतो. म्हणून तो एकदाच, शेवटी करू नये. सत्रात दोन-तीनदा करावा आणि पहिल्या वेळी गुण न कापता फक्त ज्याला त्याला त्याची सरासरी दाखवावी, म्हणजे सुधारायला वेळ राहतो. ‘कसा वाटतो?’ असे न विचारता ‘ठरलेल्या तारखेला काम दिले का? दुसऱ्याचा भाग तपासला का?’ असे विचारावे. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. जात, लिंग, इंग्रजी बोलण्याची सफाई, होस्टेलमधले कंपू यांचे पूर्वग्रह या गुणांत उतरू शकतात. त्यामुळे कमी गुणक आला, की तो तसाच लावू नये; गाइडने त्या विद्यार्थ्याची कामाची वही आणि व्हायव्हा पाहून मगच ठरवावे. त्याला कामच दिले गेले नव्हते, असेही निघू शकते.

तिसरा आक्षेप असा, की इतकी मोजदाद केली तर एकमेकांवरचा विश्वास उरणार नाही. मला उलट वाटते. आपले काम कुणीतरी पाहणार आहे आणि आपले म्हणणे कागदावर येणार आहे, ही खात्री असेल, तर दुसऱ्यावर भरवसा ठेवणे सोपे जाते. ती नसेल, तर राबणाऱ्याच्या मनात संशय आणि गप्प बसणाऱ्याच्या मनात अलिप्तपणा वाढतो. हे सगळे गाइडकडून वेळ मागते, आणि एका गाइडकडे सहा-सात गट असतील तर तो कुठून आणायचा, ही खरी अडचण आहे. अशा वेळी एकच गोष्ट निवडायची झाली, तर पहिल्या बैठकीआधीचे ते एक पान निवडावे. त्याला खर्च नाही, गाइडला ते दहा मिनिटांत वाचता येते, आणि गटाची चूक व अंगचोरी दोन्ही जिथून सुरू होतात तिथेच ते अडवते.

(पुढील आठवड्यात : गटाची चर्चा झाल्यावर मते अधिक टोकाची का होतात?)