मूल रडत नाही, पण शीतून लालभडक रक्त जाते

बाळाची चड्डी बदलायला घेतली आणि ती रक्ताने भरलेली दिसली, तर कोणत्याही आईच्या पायाखालची जमीन सरकते. पण मूल रडत नसेल, पोट दुखतंय म्हणत नसेल, ताप नसेल, तर घरातलेच कोणी म्हणते, "खेळतंय की! उष्णता पडली असेल. सब्जा पाजा." दुसरा म्हणतो, "मूळव्याध असेल." मग एखाद्या 'मूळव्याध-भगंदर' पाटीच्या दवाखान्यात मलम मिळते, आणि दोन दिवसांनी रक्त आपोआप थांबले की सगळे विसरून जातात. या वेळी आम्ही याच रक्ताबद्दल लिहीत आहोत. ज्या रक्तस्रावात मूल रडत नाही आणि जो आपोआप थांबतो, तोच फसवा असतो.

पहिली गोष्ट, दोन-तीन वर्षांच्या मुलाला मूळव्याध जवळजवळ होत नाही. लहान मुलाच्या शीतून रक्त जाण्याची कारणे बहुतेक वेळा वेगळी असतात, आणि नीट पाहिले तर ती आईलाही बरीचशी ओळखता येतात.

शी कडक असेल, मूल कुंथताना रडत असेल आणि शीवर लाल रेघ किंवा दोन-चार थेंब असतील, तर बहुधा गुदद्वाराजवळ चीर पडलेली असते. पोटात मुरडा, ताप, वारंवार पातळ शी आणि त्यात शेंबडासारखे रक्त, ही हगवण. शी संपता संपता थोडे ताजे रक्त, दुखणे नाही, असे महिनोन्महिने होत असेल तर मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मांसाचा छोटा गोळा, म्हणजे पॉलिप असू शकतो. मूल थोड्या थोड्या वेळाने पाय पोटाशी घेऊन किंचाळत असेल, मधे गप्प पडत असेल, उलट्या होत असतील आणि शी जॅमसारखी लाल-बुळबुळीत असेल, तर आतड्यात आतडे शिरलेले असू शकते. त्यात एक तासही घालवायचा नाही, सरळ मोठे हॉस्पिटल गाठायचे.

या सगळ्यांहून वेगळे चित्र असे की रक्त भरपूर आहे, लाल किंवा विटकरी-तपकिरी आहे, चड्डी किंवा फरशी भिजावी एवढे आहे, आणि मूल मात्र दुखण्याची तक्रार करत नाही. हे चित्र दिसले की डॉक्टरांच्या मनात जे नाव आधी यायला हवे, ते 'मेकेल्स डायव्हर्टिक्युलम'. नाव अवघड असले तरी गोष्ट सोपी आहे. लहान आतड्याला जन्मापासून चिकटलेली ही एक छोटी पिशवी. मेकेल हे जर्मन शरीरशास्त्रज्ञ. 1809 साली त्यांनी या पिशवीचे मूळ समजावून सांगितले, म्हणून तिला त्यांचे नाव पडले.

पिशवी येते कुठून?

गर्भ अगदी लहान असतो तेव्हा त्याचे आतडे एका बारीक नळीने बाहेरच्या पोषक पिशवीला जोडलेले असते. सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत ही नळी आपोआप बुजून नाहीशी होते. काही बाळांमध्ये तिचा आतड्याकडचा तुकडा शिल्लक राहतो. साधारण शंभरात दोन माणसांत ही पिशवी असते. ती लहान आतड्याच्या शेवटाकडे, मोठे आतडे सुरू होते तिथून साधारण दोन फुटांच्या आत असते आणि बहुधा दोन इंच लांब असते. आईने गरोदरपणी काय खाल्ले, किती वजन उचलले, ग्रहणात काय चिरले, याच्याशी तिचा काही संबंध नाही. सासूने सुनेला बोल लावण्यासारखे त्यात काही नाही.

बहुतेक लोकांना ही पिशवी आयुष्यभर त्रास देत नाही. त्रास होतो तो काहींनाच, आणि रक्त जाण्याचा त्रास जास्त करून लहान वयात होतो. त्याचे कारण असे की काही पिशव्यांच्या आतल्या अस्तरात जठराचे अस्तर उगवलेले असते. जठराचे अस्तर आम्ल बनवते, आणि जठर स्वतः ते सहन करते. पण हेच आम्ल पिशवीतून शेजारच्या आतड्यावर पडले की तिथले नाजूक अस्तर जळते, जखम होते, म्हणजेच अल्सर होतो. त्या जखमेतली रक्तवाहिनी उघडी पडली की रक्त वाहू लागते. या रक्ताबरोबर मुरडा किंवा चिरेसारखी आग होत नाही, म्हणून मूल रडत नाही.

आणि थांबते का? रक्त खूप गेले की शरीर स्वतःला वाचवण्यासाठी रक्तवाहिन्या आवळून धरते. त्यामुळे स्राव काही वेळ थांबतो. जखम मात्र तशीच राहते आणि आम्ल रोज पडत राहते. म्हणून 'थांबले' याचा अर्थ 'बरे झाले' असा होत नाही.

एक उदाहरण, आकड्यांसह

समजण्यासाठी एक प्रसंग मांडतो, तो कोणा एका घरचा नाही. पुनावळ्याच्या वस्तीतले दीड वर्षाचे मूल, वजन 10 किलो. वडील चाकणला कंत्राटी कामावर, आई सोसायटीत घरकामाला. रविवारी संध्याकाळी चड्डीत मोठी लाल शी झाली. मूल खेळते आहे. रात्री पुन्हा झाली. जवळच्या दवाखान्यात हगवणीचे औषध मिळाले. सोमवारी रक्त दिसले नाही, मूल मात्र झोपाळू आणि पांढुरके. मंगळवारी पहाटे पुन्हा भरपूर रक्त.

आता हिशेब करू. लहान मुलाच्या अंगात एका किलोला साधारण 80 मिलिलिटर रक्त असते. म्हणजे 10 किलोच्या या मुलाच्या अंगात सगळे मिळून 800 मिलिलिटर, लिटरभरही नाही. मोठ्या माणसाचे पेलाभर, म्हणजे 200 मिलिलिटर रक्त गेले तर तो उठून चालू लागतो. या मुलाचे तेवढेच गेले, तर चौथा हिस्सा गेला. म्हणून चड्डीतले रक्त मोठ्यांच्या नजरेने मोजायचे नाही.

हॉस्पिटलात पहिल्यांदा तपासले तेव्हा हिमोग्लोबिन 10 आले. घरच्यांना वाटले, एवढे काही कमी नाही. पण रक्त जाते तेव्हा त्यातले पाणी आणि लाल पेशी दोन्ही सारख्या प्रमाणात जातात, म्हणून लगेच केलेल्या तपासणीत आकडा फारसा खाली येत नाही. पुढच्या काही तासांत शरीर पाणी भरून काढते, तेव्हा खरा आकडा दिसतो. आठ तासांनी पुन्हा तपासले तर तो 6.5 वर आला होता. मुलाला 100 मिलिलिटर लाल पेशी चढवल्या, त्याने आकडा साधारण दोन-तीनने वर आला. म्हणून दुसऱ्यांदा हिमोग्लोबिन तपासायला सांगितले तर 'उगाच बिल वाढवतात' असे समजू नका.

बीपीचेही तसेच. लहान मुलांचे बीपी अगदी शेवटपर्यंत टिकून राहते. त्याआधी नाडी जोरात धावते, हातपाय गार पडतात, ओठ-तळवे फिके होतात, लघवी कमी होते, मूल मलूल होते. नख दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत गुलाबी रंग परत येत नसेल, तर मुलाला शॉकची सुरुवात झाली असू शकते.

सोनोग्राफी 'नॉर्मल' आली तरी

इथेच अनेकदा गाडी अडते. सोनोग्राफीत आणि सीटी स्कॅनमध्ये ही पिशवी पुष्कळदा दिसत नाही, कारण ती इतर आतड्यासारखीच दिसते. तोंडातून आणि खालून घातलेली दुर्बीणही लहान आतड्याच्या त्या भागापर्यंत सहसा पोहोचत नाही. त्यामुळे 'सगळे रिपोर्ट नॉर्मल' म्हणून घरी पाठवले आणि रक्ताचे कारण सापडलेले नाही, तर प्रश्न संपलेला नसतो.

यासाठीची खास तपासणी म्हणजे मेकेल्स स्कॅन. शिरेतून टेक्नेशियम नावाच्या औषधाचा थोडा डोस देतात. जठराचे अस्तर ते ओढून घेते, मग ते जठरात असो की पिशवीत. कॅमेऱ्याखाली साधारण तासभर मूल झोपवतात. जठर चमकते आणि त्याच वेळी पोटात खालच्या बाजूला, बहुधा उजवीकडे, दुसरा ठिपका चमकला तर पिशवी सापडली. तपासणीआधी मुलाला काही तास उपाशी ठेवतात, कधी आम्ल कमी करणारे औषधही देतात, म्हणजे ठिपका स्पष्ट दिसतो. किरणोत्सर्गाचे प्रमाण कमी असते. ही सोय मोठ्या केंद्रांतच असते. शिवाय स्कॅन नकारात्मक आला म्हणजे पिशवी नाहीच, असेही नाही. शंका दाट असेल तर बालशल्यचिकित्सक दुर्बिणीने पोटात पाहून निर्णय घेतात.

उपचार म्हणजे ऑपरेशन. आधी रक्त-पाणी देऊन मूल स्थिर करतात, मग पिशवी काढतात. जखम बहुधा पिशवीत नसून शेजारच्या आतड्यात असते, म्हणून गरज पडली तर आतड्याचा तो छोटा तुकडाही काढून टोके जोडतात. आतड्याची हालचाल सुरू झाली की हळूहळू दूध-पाणी सुरू होते, आणि सगळे सुरळीत असेल तर साधारण आठवडाभरात मूल घरी येते. नंतर ताप, पोट फुगणे, हिरवी उलटी किंवा जखमेतून पू दिसला तर लगेच परत जायचे. ज्या पिशवीमुळे रक्त जात होते ती गेली, की ते कारण संपले. भावंडांना त्रास नसेल तर त्यांच्या तपासण्या करण्याची गरज नाही.

रक्त दिसले त्या क्षणी

रक्ताने भरलेली चड्डी किंवा डायपर टाकून देऊ नका, पिशवीत बांधून बरोबर घ्या. मोबाइलवर फोटो काढा. किती वाजता, किती वेळा झाले ते लिहून ठेवा. बीट किंवा लाल रंगाची मिठाई खाल्ली होती का, ते आठवा, कारण त्यानेही शी लाल दिसते. पण रक्त की रंग, हा निकाल घरी लावत बसू नका. वाटेत मुलाला जेवण देऊ नका, तहान लागली तर घोटभर पाणी चालेल. ताप-दुखण्याच्या गोळ्या, सिरप, काढा, मलम काहीही मनाने देऊ नका.

मूल फिके, गार किंवा मलूल असेल तर 108 ला फोन करा. पुनावळ्याहून आपले महापालिकेचे मोठे रुग्णालय म्हणजे पिंपरीच्या संत तुकाराम नगरातले यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय. तिथे सांगा, "मुलाच्या शीतून भरपूर लाल रक्त गेले, दुखत नाही." हे एक वाक्य डॉक्टरांना पुष्कळ काही सांगते. पुढे ससूनला किंवा दुसरीकडे पाठवले तर चिठ्ठी आणि तपासण्यांचे कागद मागून घ्या. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसते का, ते त्यांना विचारा. योजनेचा टोल-फ्री क्रमांक 155388.

आणि घरी सोडताना डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा, "रक्त कुठून आले ते सापडले का? मेकेल्सची शंका तपासली का?" हा प्रश्न विचारायला डिग्री लागत नाही. उत्तर 'सापडले नाही' असे असेल, तर रक्त थांबले असले तरी पुढची तारीख, आणि बालशल्यचिकित्सकाकडे जाण्याची चिठ्ठी, घेतल्याशिवाय उठू नका.