शब्दाच्या मुळाशी – ७
किन्त्सुगी : सोनं वर, चीक आत

जोयडा तालुक्यातल्या दाट रानात होलगेरूच्या झाडापासून माणसं चार हात लांबच राहतात. सालीला कोयता लागला की आतून चीक येतो, हवा लागताच तो काळा पडतो आणि अंगावर उडाला तर फोड उठवतो. वनस्पतिशास्त्रातलं ‘होलिगार्ना’ हे नावही कानडीतल्या नावावरूनच घेतलेलं आहे. मराठी मुलखात याचा प्रसिद्ध भाऊबंद म्हणजे बिब्बा. त्याच्या रसाने धोबी कपड्यांवर न जाणाऱ्या खुणा करत. हा बिब्बा अंगावर उततो, आणि भाषेतही त्याची ख्याती तशीच आहे : जुळत आलेलं मोडायचं म्हणजे ‘बिब्बा घालायचा’.

जपानात याच कुळातल्या, म्हणजे आंबा-काजूच्या कुळातल्या, एका झाडाचा चीक उलट काम करतो. तो फुटलेलं जोडतो. त्या चिकाला उरुशी म्हणतात, आणि नवख्या कारागिराच्या हातावर तोही बिब्ब्यासारखाच उततो. फुटलेली भांडी सोनेरी रेघेने जोडण्याची जपानी कला म्हणजे किन्त्सुगी, आणि तिचा खरा सांधा या चिकाचा असतो.

शब्दात मात्र चिकाचा उल्लेख नाही. ‘किन’ म्हणजे सोनं. ‘त्सुगी’ आलं ‘त्सुगु’ या क्रियापदावरून : जोडणं, खंड पडू न देता पुढे चालवणं, घराण्याचा वारसा सांभाळणं. वारसदाराला जपानीत ‘आतोत्सुगी’ म्हणतात, त्यातलाच हा ‘त्सुगी’. म्हणजे शब्दशः अर्थ ‘सोन्याचा सांधा’ एवढाच. व्रण, दोष, अपूर्णतेतलं सौंदर्य यांपैकी काहीही या शब्दात नाही.

वितळलेलं सोनं भेगेत ओततात, हा समज तर साफ चुकीचा आहे. समजा, चहाच्या कपाचे तीन तुकडे झाले. कारागीर गव्हाचं पीठ पाण्यात मळून त्यात कच्चा उरुशी घोटतो. ही चिकट खळ कडांना अगदी पातळ लावून तो तुकडे बसवतो आणि कप दमट कपाटात ठेवतो. इथे आपला अंदाज चुकतो. उरुशी उन्हात वाळत नाही. चिकातलं एक विकर हवेतला प्राणवायू घेऊन त्याला घट्ट करतं आणि त्यासाठी ओलावा लागतो. म्हणून कपाटातली आर्द्रता सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या आसपास राखतात. कोरड्या हवेत सांधा आठवडे उलटले तरी चिकटच राहतो. थर जाड झाला तर वरची कातडी आधी आवळते, सुरकुत्या पडतात, आणि आतला चीक ओलाच राहतो. मग खरवडून पहिल्यापासून सुरुवात.

सांधा धरला की उडालेले टवके बारीक माती घोटलेल्या उरुशीने भरायचे, घासून सपाट करायचे. मग भेगेवर काळ्या आणि शेवटी तांबड्या उरुशीची रेघ ओढायची. ही रेघ पुरती घट्ट होण्याआधी, अजून जराशी चिकट असताना, तिच्यावर सोन्याची भुकटी भुरभुरवतात. सोनं एवढंच, आणि तेही सगळ्यात शेवटी. सगळं व्हायला एक ते तीन महिने लागतात.

मग किन्त्सुगीला चिकटलेलं ‘दोषाचं सौंदर्य’ हे तत्त्वज्ञान आलं कुठून? नेहमी सांगितली जाते ती गोष्ट पंधराव्या शतकातल्या शोगुन आशिकागा योशिमासाची. त्याचं आवडतं चिनी वाडगं तडकलं. तसंच दुसरं मिळावं म्हणून त्याने ते चीनला पाठवलं, तर तेच वाडगं धातूच्या टाचण्या मारून परत आलं. तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात ते आजही आहे. टाचण्या टोळासारख्या दिसतात म्हणून त्याचं नावही त्यांच्यावरूनच पडलं. त्या ओबडधोबड टाचण्यांना कंटाळून जपान्यांनी सोन्याचा सांधा शोधला, असं पुढे जोडलं जातं. पण त्या वाडग्याचे तडे सोन्याने सांधलेले नाहीत, तिथे टाचण्याच आहेत.

तरीही ‘दोषाचं सौंदर्य’ ही निव्वळ आजची टूम नाही. होनामी कोएत्सु (१५५८–१६३७) याचा ‘सेप्पो’, म्हणजे ‘हिमशिखर’, नावाचा चहाचा कटोरा भट्टीतच तडकला होता. तो फेकला गेला नाही. तडे सोन्याने भरले आणि कटोरा नावाजला गेला. चहा-समारंभाच्या रसिकांना अशी खूण खरोखर भावत होती. मात्र ही आवड मोलाच्या भांड्यांपुरती होती. त्याच जपानात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून गल्लोगल्ली ‘याकित्सुगी’वाले फिरत. ते काचेची पूड सांध्यात भरून भांडं पुन्हा भाजत आणि रोजच्या जेवणाचे वाडगे थोडक्या पैशांत जोडून देत. त्यांच्या नावातही तोच ‘त्सुगी’ आहे, फक्त ‘किन’च्या जागी ‘याकी’, म्हणजे भाजणं. त्या पांढुरक्या सांध्यांवर जगभर कुणी व्याख्यानं देत नाही.

(पुढच्या आठवड्यात : वाबी-साबी)