तिच्या सकाळीसाठी तीन वाक्यं

सूर्योदय, गुलाब, वाफाळता चहा आणि खाली 'शुभ सकाळ' असा मजकूर असलेली चित्रं आपण भारतीय इतकी पाठवतो की फोनची जागा भरून जाते. ही चित्रं शोधून एकदम पुसून टाकायची सोय गूगलने फाइल्स गो या ॲपमध्ये दिली, त्याची बातमी २०१८च्या जानेवारीत वॉल स्ट्रीट जर्नलने छापली होती. त्याच वर्षी व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या मेसेजवर 'फॉरवर्डेड' असा शिक्का द्यायला सुरुवात केली. मजकूर कॉपी करून चिकटवला की हा शिक्का चुकवता येतो, पण बायकोला तो कळायचा राहत नाही. एरवी 'काय गं, झोप झाली का?' असं बोलणारा नवरा सकाळी सात वाजता 'तुझ्या जीवनात सुखाचे इंद्रधनुष्य फुलो' म्हणाला, तर ही वाक्यं त्याची नाहीत हे तिला पहिल्याच शब्दाला समजतं.

आपला वाटणारा मेसेज लिहायला भाषेवर प्रभुत्व लागत नाही. आदल्या रात्रीचं बोलणं लक्षात असावं लागतं. समजा, नवरा चाकणच्या कारखान्यात आहे आणि बायको कोल्हापूरजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. रात्री फोनवर ती म्हणाली, 'उद्या केंद्रप्रमुख येणार आहेत आणि पोषण आहाराच्या वहीत तांदळाचा हिशोब जुळत नाहीये.' अकरापर्यंत ती वही घेऊन बसली होती. सकाळी त्याने काय लिहावं?

हाताला पहिल्यांदा येतं ते असं: 'गुड मॉर्निंग डिअर. टेन्शन घेऊ नकोस. तू नक्की करशील. ऑल द बेस्ट.' यात खोटं काही नाही. पण हेच चार शब्द तो परीक्षेला निघालेल्या भाच्यालाही पाठवू शकला असता. शिवाय 'टेन्शन घेऊ नकोस' वाचताना तिला वाटणार, याला ती वही म्हणजे क्षुल्लक गोष्ट वाटते.

आता दुसरा मसुदा: 'उठलीस? तांदळाचा हिशोब शेवटी जुळला का, हे विचारायच्या आधीच मला काल झोप लागली. आज केंद्रप्रमुख कितीला येणार? मी रात्रीची भाकरी कुस्करून खातोय, तुझ्यासारखी फोडणी काही बसली नाही.' केंद्रप्रमुख, तांदूळ, भाकरी, सगळं या दोघांचंच आहे, त्यामुळे तो दुसऱ्या कुणाला पाठवताच येणार नाही. भाकरीचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. एरवी मेसेज नुसत्या चौकशीचा होतो. या वाक्यामुळे त्याची सकाळही तिला दिसते, आणि तिची आठवण 'मिस यू' न म्हणता येते.

तरी यात एक दोष उरलाच. दोन प्रश्न आहेत, आणि सकाळी साडेसहाला ती डबा भरतेय, मुलाची वेणी-पावडर करतेय. प्रश्न आला की उत्तराचं ओझं येतं. म्हणून अखेरचा मसुदा: 'उठलीस? तांदळाचं काय झालं ते दुपारच्या सुट्टीत सांग, आत्ता घाईत उत्तर नको. मी रात्रीची भाकरी कुस्करून खातोय, तुझ्यासारखी फोडणी काही बसली नाही.' आता ती उभ्या उभ्या वाचून कामाला लागू शकते. पाठवण्याआधी मेसेज एकदा पुटपुटून पाहावा. जिथे जीभ अडखळते तो शब्द आपला नसतो. घरात वऱ्हाडी किंवा मालवणी बोलत असाल तर मेसेजही तसाच लिहावा, देवनागरीतच हवा असंही नाही. 'अहो' म्हणणाऱ्या बायकोने नवऱ्याला मेसेजमध्ये एकदम 'हे यू' म्हणू नये, इतकंच.

लक्ष ठेवण्याचं रूपांतर पाळत ठेवण्यात व्हायला वेळ लागत नाही, ही मात्र खरी भीती आहे. 'गोळी घेतलीस का? गाडीत पेट्रोल आहे ना? आईला फोन केलास?' असं रोज सकाळी आलं की ती हजेरी होते. उत्तरं 'हो', 'हो', 'केला' अशी आखूड यायला लागली, तर चौकशी थांबवून आठवडाभर स्वतःबद्दलच काही लिहावं: कँटीनमध्ये काय होतं, बसमध्ये कोण भेटलं.

काही दिवस सांगण्यासारखं काहीच नसतं. तेव्हा 'निघालो गं कामावर' एवढंही चालतं, आणि एखादा दिवस राहिला तरी बिघडत नाही. भांडणानंतरच्या सकाळी मात्र फुलांचं चित्र मुळीच पाठवू नये. कालचं काही घडलंच नाही असं आपण भासवतोय, असा त्याचा अर्थ समोरच्याला लागतो. तिथे लांबलचक माफीनामाही नको, कारण तो दिवसभर मनात घोळत राहतो. 'काल तुझं बोलणं मी मध्येच तोडलं. संध्याकाळी सातला सुटतो, मग फोन करतो आणि पूर्ण ऐकतो.' असं लिहावं, आणि सातला फोन करावा.