सुपरवायझरला ‘का’ सांगताना

सकाळी सातला पाळी बदलते. प्रेस शॉपमधली मशीन सुरू होण्याआधी सुपरवायझर आपल्या दहा-बारा माणसांना फळ्यापाशी गोळा करतो आणि पाचेक मिनिटं बोलतो. काल किती माल निघाला, आज कुठली डाय चढणार, कोण रजेवर आहे. कारखान्यात एखादा बदल येऊ घातला असेल तर त्याचं काय होणार, हे या पाच मिनिटांत ठरतं. तिथं एखादा ऑपरेटर विचारतो, “साहेब, हे कशासाठी?” त्या वेळी प्लांट हेड हजर नसतो, सल्लागारही नसतो. सुपरवायझर एकटा असतो. “वरून आलंय, करून टाका,” एवढंच तो म्हणाला, तर माणसं समजायचं ते समजतात.

चाकणच्या पट्ट्यात मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी उत्पादन नियोजन पाहत होतो, तेव्हाची ही गोष्ट. आकडे सांगायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. अडीचशे टनांच्या एका प्रेसवर आठ वेगवेगळे भाग निघत. प्रत्येक भागाची डाय वेगळी. एकदा डाय चढवली की आठवडाभर पुरेल इतका माल काढून ठेवायचा आणि मग पुढची डाय लावायची, अशी तिथली वर्षानुवर्षांची पद्धत होती. एका ब्रॅकेटची बॅच 6000 नगांची असे. आम्हाला ती 3000 वर आणायची होती, म्हणजे प्रत्येक डाय आठवड्यातून एकदाऐवजी दोनदा चढणार होती.

पहिल्या वेळी आम्ही हे चुकीच्या रीतीनं सांगितलं. सगळ्या सुपरवायझरांना कँटीनच्या वरच्या हॉलमध्ये बोलावलं, पडद्यावर चाळीसेक स्लाइड दाखवल्या. स्पर्धा, ग्राहकाच्या अपेक्षा, जागतिक दर्जा, साठ्यात अडकलेलं भांडवल, सगळं त्यात होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी प्रश्न विचारला नाही, आणि आम्ही त्या शांततेला होकार समजलो. दोन आठवड्यांनी पाहिलं तर बॅच पूर्वीइतकीच मोठी होती. कागदावर दोन बॅच दिसत होत्या, प्रत्यक्षात दोन्ही एकापाठोपाठ एक चालवून एकच केल्या होत्या. आजही बदल रुजला की नाही हे बघायचं असेल, तर मी आधी बिनवरचे टॅग वाचतो. दोन बॅचच्या टॅगवर एकच पाळी आणि लागोपाठच्या वेळा असतील, तर बदल फक्त कागदावर झालेला असतो.

दुसरी बैठक आम्ही हॉलमध्ये घेतली नाही. वेल्डिंग विभागाच्या कडेला लाल टॅग लावलेले बिन उभे होते, तिथं सात सुपरवायझरांना नेलं. त्या ब्रॅकेटच्या बॅचमध्ये साधारण 900 नग निघाल्यावर पंचची कड तुटली होती. त्यापुढच्या प्रत्येक नगाच्या भोकाला बर येत होती, म्हणजे कडेला पत्र्याची बारीक धारदार शीर उभी राहत होती. प्रेसवर ती कुणाच्या नजरेस आली नाही. चार दिवसांनी वेल्डिंगच्या फिक्श्चरमध्ये नग नीट बसेना, तेव्हा कळलं. तोवर 5100 नग तयार होऊन पडले होते. एकेक नग उचलायचा, भोकात गेज घालून बघायचा आणि वेगळा ठेवायचा. नगाला दहा सेकंद धरली तरी नुसत्या तपासणीला एका माणसाचे चौदा तास जातात, मग घासकाम वेगळं. वेल्डिंगची लाइन त्या दिवशी थांबली ती निराळीच. बॅच 3000 ची असती आणि माल दोन-अडीच दिवसांत पुढं गेला असता, तर हीच तुटलेली कड निम्म्या मालातच सापडली असती.

कुणी भाषण केलं नाही. एका सुपरवायझरनं स्वतःच नग उचलला, भोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “हा माझ्याच पाळीतला माल.” माझ्या मते त्या क्षणी बदलाचं कारण त्याला समजलं. साठ्यात अडकलेलं भांडवल हे मालकाचं दुखणं असतं. चार दिवसांनी अंगावर येणारी चौदा तासांची निवड हे सुपरवायझरचं दुखणं. कारण दोन्हीकडून खरंच होतं, पण आम्ही आधी मालकाच्या बाजूचं तेवढं सांगितलं होतं, आणि ते घेऊन तो आपल्या माणसांपुढं उभा राहू शकत नव्हता.

कारण पटलं तरी शंका उरलीच होती. शॉपमध्ये ज्यांना सगळे काका म्हणत, ते म्हणाले, “साहेब, पटलं. पण जमणार नाही.” त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. दोन पाळ्या, आठवड्याचे सहा दिवस, हाताशी येतात 90 तास. आठ भागांचा आठवड्याचा माल काढायला लागतात 72 तास. एक डाय बदलायला दोन तास. आठ बदलांचे झाले 16, बेरीज 88. कशीबशी तोंडमिळवणी. आता प्रत्येक डाय दोनदा चढवायची तर 16 बदलांचे 32 तास, बेरीज 104. आठवड्यात चौदा तास कुठून आणायचे?

काकांचा हिशेब चोख होता. आमच्या चाळीस स्लाइडमध्ये तो कुठंच नव्हता. ज्याला आम्ही बदलाला विरोध म्हणत होतो, ती साधी वजाबाकी होती. मधल्या फळीतला माणूस शंका घेतो तेव्हा पुष्कळदा त्याच्याकडे असं काही असतं, जे वरच्यांना दिसत नाही. त्याला उत्साह देऊन काही होत नाही, त्याच्या आकड्याला आकड्यानंच उत्तर द्यावं लागतं.

उत्तर होतं, आणि ते जपानमध्ये फार पूर्वी शोधलं गेलं होतं. 1969 मध्ये टोयोटाच्या कारखान्यात हजार टनांच्या प्रेसची डाय बदलायला चार तास लागत. शिगेओ शिंगो या अभियंत्यानं तिथल्या लोकांबरोबर काम करून तो वेळ आधी दीड तासावर आणि पुढच्या काही महिन्यांत तीन मिनिटांवर आणला. त्याचं मूळ सूत्र एवढंच की प्रेस थांबल्यावरच करता येतात अशी कामं कोणती आणि प्रेस चालू असताना आधी उरकता येतील अशी कोणती, ते वेगळं काढायचं. पण ही जपानची गोष्ट मी काकांना आधी सांगितली नाही. तिथं जमलं असेल, आपल्याकडे नाही, हे उत्तर ठरलेलं असतं. आधी आम्ही त्यांच्याच प्रेसवरच्या एका डायबदलाचं मोबाइलवर चित्रण केलं आणि सगळ्यांनी मिळून ते घड्याळ लावून पाहिलं.

प्रेस थांबल्यापासून 120 मिनिटं. त्यातली 35 फोर्कलिफ्टची वाट बघण्यात आणि रॅकमधून डाय आणण्यात गेली. बोल्ट, क्लॅम्प, पाने शोधण्यात 20. उंची जुळवून चाचणीचे नग काढण्यात 30. पहिल्या नगाला क्वालिटीची मंजुरी मिळेपर्यंत 25. जुनी डाय काढून नवी बसवायला प्रत्यक्षात लागली दहा मिनिटं. हे पाहताना काका स्वतःच म्हणाले, की डाय आधीच प्रेसशेजारी आणून ठेवता येईल, आणि प्रत्येक डायचे बोल्ट-क्लॅम्प तिच्याच पेटीत ठेवता येतील. तिथंच 55 मिनिटं सुटली. पुढं सगळ्या डायची उंची खाली ठोकळे लावून सारखी केली, क्वालिटीचा माणूस डायबदलाच्या वेळी प्रेसपाशीच उभा राहू लागला. दोन महिन्यांत वेळ 34 मिनिटांवर आला. आता 16 बदलांना नऊ तास, बेरीज 81. काकांनी तोच हिशेब त्याच फळ्यावर पुन्हा मांडला, आणि दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरला तो त्यांनीच समजावला. तो मी समजावला असता तर निम्माही पटला नसता.

एक गाठ मात्र समजावून सुटणारी नव्हती. प्रत्येक पाळीच्या फळ्यावर एक आकडा मोठ्या अक्षरात लिहिला जाई: पाळीत किती स्ट्रोक पडले. त्यावर सुपरवायझरची वर्षाची नोंद ठरे आणि ऑपरेटरचा इन्सेंटिव्ह मिळे. ज्याच्या पाळीत डाय बदलायची त्याचे स्ट्रोक कमी पडणार, म्हणून जो तो डायबदल पुढच्या पाळीवर ढकलायला बघे. बॅच लहान करा असं तोंडानं सांगायचं आणि मोजायचे स्ट्रोक, तर माणूस मोजमापाचं ऐकणार, आणि त्यात त्याची चूक नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सला हा अनुभव मोठ्या प्रमाणावर आला. 1984 मध्ये टोयोटाबरोबर कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला सुरू केलेल्या कारखान्यात, दोष दिसला की कामगारानं दोरी ओढून लाइन थांबवायची, ही पद्धत रुजली. तिथल्या शेकडो गटप्रमुखांना त्यासाठी आधी जपानला नेऊन प्रत्यक्ष लाइनवर शिकवलं होतं. तीच पद्धत जनरल मोटर्सच्या व्हॅन नाइसच्या कारखान्यात नेली, तेव्हा दोरी आली, पण लाइन थांबवायला वरिष्ठ तयार होईनात. त्यांचं यश दिवसाला किती गाड्या बाहेर पडल्या यावर मोजलं जात होतं.

आम्ही फळ्यावरचा आकडा बदलला. स्ट्रोकऐवजी ठरल्या दिवशी ठरलेली बॅच निघाली का, ते लिहू लागलो. इन्सेंटिव्ह पहिले तीन महिने मागच्या सरासरीनं देण्याचं व्यवस्थापनाकडून लेखी घेतलं. हे झाल्यावरच सुपरवायझरांना पाळीच्या बैठकीत बोलायला सांगितलं. कामगार काय विचारणार ते त्यांना आधीच ठाऊक होतं: पैसे कमी होणार का, आणि वाचलेल्या तासांमुळे माणसं कमी करणार का? पहिल्याचं उत्तर आता त्यांच्या हातात होतं. दुसऱ्याचं असं की बाहेरून करून घेतला जाणारा एक भाग या वाचलेल्या वेळात आत आणायचा होता. तो कुठल्या तारखेपासून येणार हे तेव्हा ठरलेलं नव्हतं, म्हणून सुपरवायझरांना तसंच सांगायला सांगितलं, आणि कधी कळेल तो दिवसही सांगितला. बदलाचा हेतू खरोखरच माणसं कमी करण्याचा असता, तर यातलं काहीही उपयोगी पडलं नसतं. तसं असेल तर ते मधल्या फळीला सगळ्यात आधी आणि स्पष्ट सांगावं. अर्धवट कारण देऊन त्यांना माणसांपुढं उभं केलं, तर ते पुन्हा कधी आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत.

महिनाभरानं मी पाळीच्या बैठकीला मागं उभा राहिलो. सुपरवायझरनं स्लाइडमधला एकही शब्द वापरला नाही. खिशातून बर आलेला एक नग काढला, माणसांच्या हातात फिरवला आणि म्हणाला, “हे आपल्याला चार दिवसांनी कळलं होतं. आता दुसऱ्या दिवशी कळतं.”

दुसऱ्या पाळीत मात्र उशिरा बदलायच्या दोन डाय अजूनही एकत्रच चालवल्या जात होत्या, टॅग तसं सांगत होते. विचारल्यावर त्या पाळीचे इनचार्ज म्हणाले, “रात्री आठनंतर फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर नसतो, मला डाय कोण आणून देणार?” तेव्हापासून त्या दोन डाय संध्याकाळी साडेसातला प्रेसशेजारी आणून ठेवल्या जातात.