रिकामा रकाना म्हणजे संधी नव्हे! ॲप बनवण्याआधी स्पर्धकांची ॲप्स कशी तपासायची?

मागच्या व्हिडिओत आपण एक उदाहरण अर्धंच सोडलं होतं. आज ते पूर्ण करूया, सगळ्या आकड्यांसकट.

पुण्यातल्या एका ताईंची गोष्ट आहे. मेसवाल्यांसाठी ॲप काढायचं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. डेव्हलपरचं अडीच लाखांचं कोटेशनही आलेलं. त्याने त्यांना फक्त एवढंच सांगितलं, "ताई, काय काय हवंय त्याची यादी लिहून द्या, लगेच काम सुरू करतो." ती यादी घेऊनच त्या माझ्याकडे आल्या. यादीत २३ फीचर्स! मी विचारलं, यातली किती फीचर्स आज बाजारात कुठेच मिळत नाहीत? त्यांनी अभिमानाने एक कागद पुढे केला. त्यावर पाच ॲप्सचा तक्ता, बरोबर-चूकच्या खुणा, आणि एक ओळ पूर्ण रिकामी: "मेंबरला ऑनलाइन मेनू आणि ऑर्डर". म्हणाल्या, "सर, हीच गॅप!"

गडबड इथेच होते. तक्त्यातला रकाना रिकामा असतो, कारण कुणाला सुचलं नसतं, किंवा कुणाला ते नकोच असतं. दुसरं कारण जास्त वेळा खरं निघतं. महिन्याच्या मेसमध्ये मेंबर मेनू निवडतच नाही. आज मटकी तर मटकी! मग ऑर्डर कसली करणार?

आधी स्पर्धक कोण, ते ठरवा

ताईंच्या पाच ॲप्समध्ये तीन मेस-डब्याची होती. त्यांना आपण अ, ब, क म्हणू. उरलेली दोन म्हणजे खाताबुक आणि ओके क्रेडिट. ही मेसची ॲप्स नाहीत, उधारीची आहेत. पण बरेच मेसवाले हिशेबासाठी अशीच ॲप्स वापरतात, म्हणून ती यादीत हवीतच.

पण सगळ्यात मोठा स्पर्धक राहूनच गेला होता. शंभर पानी वही आणि व्हॉट्सॲप ग्रुप! तिला महिन्याचं भाडं नाही, ओटीपी नाही, नेट गेलं तरी ती चालते. तुमच्या ॲपला हरवायचंय ते या वहीला. म्हणून तक्त्यात तिची ओळ पहिली.

फीचर मोजू नका, एकच काम सगळीकडे करून बघा

फीचरच्या यादीत "रजा नोंदवा" असं लिहिलेलं असतं, आपण बरोबरची खूण करतो आणि पुढे जातो. त्याऐवजी मेसमधला एक खरा मेंबर घ्या आणि त्याचा महिना प्रत्येक ॲपमध्ये स्वतः भरा. आम्ही हा मेंबर घेतला:

महिन्याचे ३,००० रुपये, ३० दिवस. १ जूनला सुरू. आल्या आल्या २,००० दिले. ९, १० आणि ११ तारखेला गावी गेला, म्हणजे तीन दिवस खाडा. १४ तारखेला रात्री मित्राला घेऊन आला, त्या गेस्ट थाळीचे ८० रुपये.

आता प्रश्न तीन. त्याच्याकडून येणं किती? त्याचा महिना कधी संपतो? आणि ८ तारखेच्या रात्रीच मावशींना कळलं का, की उद्या एक ताट कमी करायचंय?

उत्तरं आपल्याला आधीच माहीत आहेत. येणं १,०८० रुपये. महिना ३० जूनऐवजी ३ जुलैला संपतो. तिसरं उत्तर "हो" असायला हवं.

मग ताईंनी दोन संध्याकाळी बसून हे सगळीकडे करून पाहिलं:

| कुठे | येणं किती | महिना कधी संपतो | उद्याची ताटं किती |
|---|---|---|---|
| वही आणि ग्रुप | बेरीज करून | बोटं मोजून | ग्रुप वाचून |
| उधारीची ॲप्स | लगेच | हाताने | नाही |
| ॲप अ | लगेच | लगेच | नाही |
| ॲप ब | लगेच | लगेच | मेंबरने ॲप घेतलं तरच |
| ॲप क | लगेच | हाताने | नाही |

बघा, पैशाचा प्रश्न सगळ्यांनी सोडवलाय. तिथे घुसण्यात काही अर्थ नाही. ॲप अ मध्ये मेंबर जेवायला आला की क्यूआर स्कॅन करतो. म्हणजे खाडा कळतो तो भाजी शिजल्यावर! ॲप ब मध्ये "सुट्टी टाका" बटण आहे, पण ते मेंबरच्या ॲपमध्ये. त्यासाठी मेसमधल्या ८० मुलांनी ते ॲप उतरवायचं आणि नंबर टाकून लॉगिन करायचं.

ताईंच्या पहिल्या तक्त्यात "खाडा" या ओळीवर अ आणि ब दोघांसमोर बरोबरची खूण होती. म्हणजे खरी गॅप बरोबरच्या खुणेखाली लपली होती, आणि खोटी गॅप रिकाम्या रकान्यात चमकत होती.

रिव्ह्यू कसे वाचायचे

प्ले स्टोअरवर पाच तारे आणि एक तारा आधी बाजूला ठेवा. पाचमध्ये बऱ्याचदा नुसतं "छान ॲप" असतं, एकमध्ये नुसता राग. दोन आणि तीन तारेवाला माणूस ॲप वापरलेला असतो आणि कुठे अडलं ते सांगतो. रिव्ह्यू नवे आधी असे लावा, नाहीतर दोन वर्षांपूर्वी दुरुस्त झालेली तक्रार तुम्ही गॅप म्हणून लिहून ठेवाल.

ताईंनी तिन्ही ॲप्सचे मिळून ६० रिव्ह्यू वाचले आणि प्रत्येकाला एका शब्दाची चिठ्ठी लावली. लॉगिन आणि ओटीपीच्या १७, "मुलं ॲप घेत नाहीत" अशा अर्थाच्या १४, हिशेब चुकल्याच्या ९, बाकी किरकोळ. यातल्या १७ ला भुलू नका. लॉगिनची तक्रार म्हणजे त्या कंपनीची चूक. तिने महिन्याभरात दुरुस्त केली की तुमचा धंदा संपला. १४ वाली तक्रार वेगळी आहे. त्या ॲपची बांधणीच अशी आहे की मेंबरने ॲप घेतल्याशिवाय ते चालत नाही. ती एका अपडेटमध्ये सहज सुटत नाही.

आणखी दोन गोष्टी बघा. "१ लाख+" म्हणजे आज एक लाख लोक वापरतात असं नाही. तो आजवरच्या इन्स्टॉलचा आकडा असतो, त्यात काढून टाकणारेही आले. आणि शेवटचं अपडेट कधीचं आहे? ॲप क दीड वर्षं तसंच पडलेलं होतं. अशा वेळी "मैदान मोकळं आहे" म्हणून उड्या मारू नका. तो का थांबला, हे आधी शोधा. कदाचित मेसवाले पैसेच देत नसतील.

गॅप रिकामी का आहे, ते विचारा

मेंबरने ॲप न घेता आदल्या रात्री खाडा कळवायचा, आणि मालकाला उद्याच्या ताटांचा आकडा मिळायचा. एवढी साधी गोष्ट आजवर कुणी का केली नाही? याचं उत्तर मिळेपर्यंत पुढे जायचं नाही.

ताईंनी तीन मेसमध्ये जाऊन, दुपारची गर्दी ओसरल्यावर, मालकांशी बोलून घेतलं. एक कारण कळलं की खाड्याचा नियम प्रत्येक मेसचा वेगळा. एकीकडे एक दिवसाचाही खाडा धरतात, दुसरीकडे सलग तीन दिवस असेल तरच. रविवारी रात्री मेस बंद, तो दिवस धरायचा की नाही, यावरही मतं वेगळी. म्हणजे सर्वांना एकच नियम लावणारं ॲप इथे अडतं.

दुसरं कारण खर्चाचं. व्हॉट्सॲपवर बिझनेसने स्वतःहून सुरुवात करून मेसेज पाठवायचा तर अधिकृत मार्गात मंजूर टेम्पलेट लागतं आणि त्याचे पैसे पडतात. रोज ८० मुलांना "उद्या येणार का?" विचारत बसलात, तर मेसवाल्याकडून मिळणारे पैसे त्यातच जातील. म्हणून विचारायचंच नाही. न येणाऱ्याने साध्या लिंकवर टिचकी मारायची. ही कारणं सुटण्यासारखी होती, म्हणून गॅप पुढे न्यायची.

कोडच्या आधी दहा दिवस हाताने चालवा

ताईंनी गूगल फॉर्म बनवला, लिंकचा क्यूआर भिंतीवर चिकटवला. मुलांनी रात्री ९ पर्यंत नाव आणि तारखा भरायच्या. सव्वानऊला ताई स्वतः मोजून मालकांना मेसेज करायच्या: "उद्या दुपारी ७१, रात्री ६८." ॲप नाही, डेव्हलपर नाही, खर्च फक्त प्रिंटचा.

दहा दिवसांनी ताईंनी महिन्याला ३०० रुपये मागितले. ८० मेंबरवाल्या मावशींनी तिथेच दिले. रोजची सात-आठ उरलेली ताटं त्यांना दिसत होती. ६५ मेंबरवाल्यांनी "वर्षाचं एकदम घेतलं तर किती कमी?" असं विचारलं, हाही होकारच. तिसऱ्यांनी सरळ नाही म्हटलं. त्यांच्याकडे २२ मेंबर. म्हणाले, "ताई, कोण येणार ते मला पावलांच्या आवाजावरून कळतं."

हा नकार फार कामाचा होता. गॅप सगळ्या मेसची नाही, साधारण साठच्या पुढे मेंबर असलेल्या मेसची आहे. अर्थात तीन मेसवरून शहराचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून ताई आता आणखी सात मेसमध्ये हाच प्रयोग करतायत. आणि ॲप ब वाले उद्या अशीच लिंक काढू शकतात, हाही धोका आहेच. तेव्हा ताईंच्या हातात उरेल ते प्रत्येक मेसचा खाड्याचा नियम नीट बसवून देण्याचं काम.

मग यादीचं काय झालं?

२३ फीचर्सच्या चार ओळी झाल्या. मेंबर ॲपशिवाय, लिंकवरून खाडा टाकेल. मेसचा नियम मालक स्वतः बसवेल. ठरलेल्या वेळी उद्याच्या ताटांचा आकडा मालकाला जाईल. महिना संपायची तारीख आपोआप पुढे सरकेल. पैशाचा हिशेब? तो जिथे चाललाय तिथे चालू दे.

अडीच लाखांचं कोटेशन अजून ताईंच्या फाईलमध्येच आहे. डेव्हलपरला आता या चार ओळींचा भाव विचारायचाय. या ओळी रिक्वायरमेंटच्या भाषेत कशा लिहायच्या, ते पुढच्या व्हिडिओत बघू. तोवर तुमच्या धंद्यातला असा एक "मेंबर" घ्या, त्याचा महिना पाच ठिकाणी भरून बघा, आणि कुठे अडलात ते कमेंटमध्ये लिहा.